पार्सल कराडला, ओटीपी टोरांटोला

आई-बाबा गावी आणि तुम्ही परदेशात, असं असेल तर आजचा भाग तुमच्यासाठी.

जूनमध्ये मी आईसाठी मिक्सर मागवला. मी टोरांटोत, आई कराडला. पत्ता आईचा, पत्त्यातला फोन नंबरही आईचाच. दुपारी दीडला डिलिव्हरीवाला आला, आईला फोन करून घरही शोधलं. मग म्हणाला, "काकू, ओटीपी सांगा." आईच्या फोनवर काहीच नाही. ओटीपी आला होता माझ्या कॅनडातल्या नंबरवर, आणि इथे वाजले होते पहाटेचे चार. आईने मला उठवलंच नाही. "म्हटलं, झोपू दे तुला." मिक्सर परत गेला.

गोम अशी, की यात नंबर दोन असतात. पत्त्यातला नंबर डिलिव्हरीवाल्याने फोन करायला. ओटीपी मात्र सहसा ज्या खात्यातून ऑर्डर केली, त्या खात्याच्या नंबरवर किंवा ईमेलवर जातो. महागाच्या वस्तूला तो हमखास मागतात. परदेशी नंबरवर एसएमएस उशिरा येतो, कधी येतही नाही. पण बऱ्याच ॲपमध्ये तोच ओटीपी ऑर्डरच्या पानावरही दिसतो.

दुसऱ्या दिवशी तेच केलं. कराडला सकाळचे नऊ म्हणजे आमच्याकडे आदल्या रात्रीचे साडेअकरा. झोपण्याआधी ॲप उघडलं. 'Out for Delivery' आलं होतं, खाली ओटीपी होता. तो आईला व्हॉट्सॲप केला आणि खाली लिहिलं: मिक्सर, पैसे दिलेले आहेत, खोकं बघून मगच आकडा सांग.

ते शेवटचं वाक्य विसरू नका. ओटीपी दिला की सिस्टीममध्ये वस्तू पोचली अशी नोंद होते. खोकं फाटकं असलं, तर आकडा देण्याआधीच परत पाठवायचं. नंतर भांडत बसावं लागतं.

आता मी आईच्या नंबरवरच वेगळं खातं काढलंय. लॉगिनचा ओटीपी तिने व्हिडिओ कॉलवर वाचून दाखवला, तेवढाच. ऑर्डर मी करतो, पैसे माझ्या कार्डातून जातात, त्यामुळे बँकेचा ओटीपी माझ्याकडे येतो आणि डिलिव्हरीचा आईकडे. एक मात्र आहे, परदेशी बँकेचं कार्ड प्रत्येक ॲप घेत नाही. माझं भारतातल्या खात्याचं आहे, म्हणून जमलं.

पण आईच्या फोनवर ओटीपी यायला लागले, की भामट्यांचीही सोय होते. "तुमची ऑर्डर कॅन्सल करायचीय, ओटीपी सांगा," असा फोन येतो. म्हणून आमचं ठरलंय: फोनवर कुणालाच ओटीपी सांगायचा नाही. माणूस दारात हवा, खोकं समोर हवं, आणि मी आधी सांगितलेली वस्तू हवी.

परवा कुरिअरवाला आला, तेव्हा मी सांगायला विसरलो होतो. आईने त्याला जिन्यात थांबवलं आणि मला पहाटे पावणेपाचला उठवलं.