अर्जाचा नंबर जपून ठेवा



आपल्या केळापूर तालुक्याची तहसील कचेरी पांढरकवड्यास आहे. तेथे रोज गावोगावचे लोक कागद घेऊन येतात. एखादी बाई विचारते, "साहेब, माया अर्जाचं काय झालं?" कारकून विचारतो, "बाई, अर्ज कधी दिला? नंबर काय?" बाई म्हणते, "कापूस वेचणीच्या वक्ती देला होता." आता एवढ्यावरून कागद कसा सापडावा? म्हणून आज आम्ही एकच अर्ज घेऊन तो कसा लिहावा, कसा द्यावा आणि त्याचा पाठपुरावा कसा करावा, हे सांगणार आहोत.

समजा, एका बाईचे नाव शांता आहे. नवरा वारला. तलाठ्याने वारसाची नोंद केली. आता तलाठ्याच्या हुद्द्याला ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, पण लोकांच्या तोंडी तलाठी हेच नाव आहे. फेरफारात नाव बरोबर 'शांता' असे लागले. पण सातबारा उतरवताना 'कांता' झाले. चूक एका अक्षराची आहे, पण बँकेत पीककर्जाला गेल्यावर साहेब म्हणतात, "आधार कार्डावर शांता आणि सातबाऱ्यावर कांता. ही जमीन तुमचीच कशावरून?" पेरणी तोंडावर आलेली असते आणि कर्ज अडते.

अशी लिहिण्यातली चूक दुरुस्त करण्याची सोय महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ या कायद्याच्या कलम १५५ मध्ये आहे. त्यासाठी तहसीलदाराकडे अर्ज करावा. मात्र हे कलम केवळ लिहिण्यातल्या चुकीसाठी आहे. दोन भावांत हिश्श्याचा वाद असेल, तर तो या अर्जाने मिटत नाही. त्याचा मार्ग वेगळा आहे.

अर्ज असा लिहावा :

दिनांक : ९ जून २०२५

प्रति,
मा. तहसीलदार,
तहसील कार्यालय, केळापूर,
मु. पांढरकवडा, जि. यवतमाळ.

अर्जदार : (पूर्ण नाव, गाव, फोन नंबर)

विषय : सातबाऱ्यावरील नावात दुरुस्ती करण्याबाबत. मौजे (गावाचे नाव), गट क्रमांक ४८.

संदर्भ : फेरफार क्रमांक ९१२.

महोदय,
वरील गटातील जमिनीवर वारस म्हणून माझे नाव लागले आहे. फेरफार क्रमांक ९१२ मध्ये माझे नाव 'शांता' असे बरोबर आहे. परंतु सातबाऱ्यावर ते 'कांता' असे लिहिले गेले आहे. तरी महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १५५ प्रमाणे ही दुरुस्ती करावी, ही विनंती.

आपली विश्वासू,
(सही किंवा अंगठा)

सोबत :
१) सातबाऱ्याची प्रत
२) फेरफार क्रमांक ९१२ ची प्रत
३) आधार कार्डाची प्रत

एवढाच अर्ज. त्यात घरची हकिकत लिहू नये. विषयात गाव आणि गट नंबर असला, म्हणजे कागद कोणत्या टेबलावर जायचा ते कारकुनाला वाचताच कळते. 'संदर्भ' म्हणजे या कामाचा आधीचा कागद. येथे तो फेरफार आहे, कारण बरोबर नाव त्यातच आहे. 'सोबत' म्हणजे अर्जाला जोडलेले कागद. त्यांना कचेरीत सहपत्रे म्हणतात. ती मोजून, नंबर घालून लिहावीत. पुढे कोणी म्हटले, "फेरफार जोडलाच नव्हता," तर आपल्या अर्जावरच त्याचे उत्तर असते. मूळ कागद कधी देऊ नये. प्रत द्यावी आणि तिच्यावर आपण सही करावी.

आता अर्ज देण्याची रीत. अर्जाच्या दोन प्रती न्याव्यात. कचेरीत कागद घेण्याची एक जागा असते. तिला आवक किंवा बारनिशी म्हणतात. तेथील कारकून आपला अर्ज वहीत चढवतो, त्यावर शिक्का मारतो आणि नंबर घालतो. हा आवक क्रमांक. दुसऱ्या प्रतीवर तोच शिक्का, तोच नंबर आणि तारीख मागून घ्यावी. हीच आपली पोच. शिक्का आहे पण नंबर नाही, असे झाले तर तेथेच थांबून नंबर लिहून घ्यावा. नंबराबरोबर तारीखही हवी, कारण आवक वहीचे नंबर नव्या वर्षात पुन्हा एकपासून सुरू होतात. नुसता नंबर सांगितला, तर तो कोणत्या सालचा हे कोणाला कळणार?

साहेबांच्या हातात कागद दिला म्हणजे काम पक्के झाले, असे पुष्कळांना वाटते. पण जो कागद आवक वहीत चढला नाही, तो शोधायला जागाच नसते. जाणे शक्य नसेल, तर अर्ज स्पीड पोस्टाने पाठवावा आणि पावती आपल्या प्रतीला टाचून ठेवावी.

आपल्या अर्जाला, समजा, आवक क्रमांक २१४६ मिळाला. पुढे तहसील कचेरी तलाठ्याकडून अहवाल मागवते. त्याला वेळ लागतो, म्हणून आठ दिवसांनीच स्मरणपत्र देण्यात अर्थ नाही. महिना उलटला की पहिले स्मरणपत्र द्यावे. ते नव्या अर्जासारखे लिहू नये, नाही तर तो वेगळाच कागद ठरतो. विषय तोच ठेवावा, आरंभी 'स्मरणपत्र १' असे लिहावे आणि संदर्भ असा द्यावा :

संदर्भ : माझा अर्ज दिनांक ९ जून २०२५, आवक क्रमांक २१४६.

खाली दोनच ओळी पुरतात : "वरील अर्जावर काय कार्यवाही झाली ते लेखी कळवावे. अर्जाची प्रत सोबत जोडली आहे."

याचीही पोच घ्यावी. मध्यंतरी कचेरीचे पत्र आले, तर त्याच्या माथ्यावर जावक क्रमांक असतो. पुढच्या कागदात संदर्भाखाली तोही लिहावा. असे केले म्हणजे प्रत्येक कागद मागच्या कागदाला बांधलेला राहतो, आणि टेबलावरचा कारकून बदलला तरी नव्या माणसाला सगळे सापडते.

महाराष्ट्रात सरकारी कामातील विलंबाला प्रतिबंध करणारा २००५ चा कायदा आहे. त्याप्रमाणे साधारण फाइल एका कर्मचाऱ्याकडे सात कामाच्या दिवसांहून जास्त राहू नये, आणि दुसऱ्या खात्याकडे जाण्याची गरज नसलेल्या कामाचा निर्णय ४५ दिवसांत व्हावा. मात्र दोन्ही बाजू ऐकून निवाडा करण्याच्या प्रकरणांना ही मुदत लागू नाही. म्हणून मुदतीवरून भांडू नये. फाइल कोठे आहे, एवढेच विचारावे.

४५ दिवस उलटूनही उत्तर नसेल, तर दुसरे स्मरणपत्र द्यावे. संदर्भात अर्ज आणि पहिले स्मरणपत्र, दोन्हींचे नंबर व तारखा लिहाव्यात. शेवटी लिहावे, "प्रत : मा. उपविभागीय अधिकारी, केळापूर," आणि ती प्रत खरोखरच पाठवावी. तरीही काही कळले नाही, तर माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ खाली दहा रुपये फी भरून विचारावे : "आवक क्रमांक २१४६, दिनांक ९ जून २०२५ हा अर्ज कोणकोणाकडे किती दिवस होता?" कायद्याप्रमाणे तीस दिवसांत उत्तर द्यावे लागते. येथेही तो नंबरच कामी येतो.

काम झाल्याचे तोंडी सांगितले, तरी एवढ्यावर थांबू नये. सातबाऱ्याचा नवा उतारा काढावा आणि त्यावर 'शांता' हे नाव स्वतः वाचून पाहावे. आपल्याला आता वाचता येते. ते अक्षर बरोबर दिसले की मगच बँकेत जावे.