टोकन दिलं म्हणजे घर आपलं झालं का?



घर घेताना तीन कागद होतात: टोकनची पावती, साठेखत आणि खरेदीखत. मालक तुम्हाला करतं ते फक्त नोंदणी झालेलं खरेदीखत. साठेखत म्हणजे पुढे विकण्याचा करार. त्याने मालकी येत नाही, असं १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम ५४ सांगतं.

समजा, चाळीस लाखांचा जुना फ्लॅट ठरला. तुम्ही एक लाख टोकन देऊन पावती घेतली. महिन्याभरात मालकाने तोच फ्लॅट दुसऱ्याला खरेदीखताने विकला. त्या माणसाला तुमचा व्यवहार खरोखरच माहीत नसेल आणि त्याने पूर्ण पैसे दिले असतील, तर फ्लॅट त्याच्याकडेच राहतो. पावतीने पैसे दिल्याचं सिद्ध होतं. तुम्ही ते परत मागू शकता, एवढंच.

नोंदणीकृत साठेखत असतं तर चित्र वेगळं असतं. नोंदणीतला व्यवहार नंतरच्या खरेदीदाराला ठाऊक आहे, असं कायदा धरतो. मग ठरलेल्या तारखेपासून तीन वर्षांत तुम्ही दोघांविरुद्ध खरेदीखत करून मागण्याचा दावा लावू शकता.

म्हणून टोकन थोडंच द्या आणि चेकने द्या. पावतीवर फ्लॅटचा नंबर, एकूण किंमत आणि साठेखताची तारीख हवी. बँकेने कर्ज नाकारलं किंवा कागदपत्रांत दोष निघाला तर टोकन परत मिळेल, हे वाक्य लिहून घ्या. मालक ते लिहायला तयार नसेल, तर पैसे देऊ नका.