रात्रीचा पेटका आणि अस्वस्थ पाय

(मंडळाच्या मासिक सभेत केलेले भाषण)



आम्ही पडलो कलाशाखेचे पदवीधर आणि पेशाने सरकारी नोकर. वैद्यकातील अधिकार आम्ही सांगत नाही. परंतु ‘रात्री पाय झोपू देत नाहीत’ ही तक्रार कचेरीत आणि मंडळात इतक्या वेळा कानी येते, की डॉक्टरांकडून तिची माहिती समजावून घेऊन ती आपणांपुढे ठेवण्याचे आम्ही योजिले.

या एका वाक्याखाली दोन निरनिराळ्या व्याधी दडलेल्या असतात. पहिली पेटक्याची. गाढ झोपेत पोटरीत एकाएकी गोळा येतो, स्नायू दगडासारखा कठीण होतो आणि असह्य कळ उठते. काही क्षणांत वा काही मिनिटांत ती ओसरते. मागे ठणका उरतो. दुसरीत स्नायू कठीण होत नाही. सायंकाळनंतर बसले वा आडवे झाले, की पायांच्या आत वळवळ, ओढ वा हुरहूर सुरू होते आणि पाय हलविल्यावाचून राहवत नाही. उठून चालले, की बरे वाटते. पुन्हा पडले, की पुन्हा तेच. स्वीडनचे डॉक्टर एकबोम यांनी 1945 साली या विकाराचे सविस्तर वर्णन करून त्यास ‘अस्वस्थ पाय’ हे नाव दिले.

पेटका आला असता गुडघा सरळ ठेवून पायाची बोटे नडगीकडे ओढावी. पोटरी ताणली जाऊन गोळा सुटतो. उन्हाळ्यात घाम फार गेला, जुलाब झाले, किंवा रक्तदाबासाठी लघवी वाढविणाऱ्या गोळ्या चालू असल्या, तर शरीरातील पाणी व क्षार घटून पेटके येऊ शकतात. अशा वेळी रक्तातील क्षार तपासून घेणे इष्ट. परंतु पुष्कळांचे क्षार अगदी योग्य प्रमाणात असूनही पेटके येतात. म्हणून तपासणीवाचून मॅग्नेशियमच्या गोळ्या घेत राहण्यात फारसे हशील नाही. पूर्वी यावर कोयनेल देत. त्याने क्वचित रक्तपेशींवर प्राणघातक परिणाम होतो, म्हणून अमेरिकेच्या औषध-नियंत्रण खात्याने 2010 साली या उपयोगाविरुद्ध पुनश्च इशारा दिला.

अस्वस्थ पायांचे मूळ मात्र अनेकदा लोहाच्या कमतरतेत सापडते. आमच्या परिचयाच्या एका गृहिणीचे उदाहरण येथे देतो. वय 46. सायंकाळी नाटकाला बसल्या, की अर्ध्या तासात चुळबूळ सुरू. रात्री एक-दोन वाजेपर्यंत घरात येरझारा. सारे जण पेटकेच समजत, म्हणून कॅल्शियम चालू होते. थंडीत सर्दीसाठी झोप आणणारी गोळी घेऊ लागल्या, तो त्रास दुप्पट झाला. डॉक्टरांनी दोन प्रश्न विचारले: पोटरी कठीण होते का? चालल्याने आराम पडतो का? पहिल्याचे उत्तर नाही, दुसऱ्याचे होय. निदान तेथेच जवळजवळ झाले.

त्यांचे हिमोग्लोबिन 12.4, म्हणजे ठीक होते. परंतु लोहाचा साठा दाखविणारी ‘फेरिटिन’ ही तपासणी केली, तेव्हा आकडा निघाला 14. या विकारात तो 75 किंवा त्याहून खाली असला, तरी लोह देण्याचा विचार करतात. रोजखर्चाला पैसे आहेत, परंतु पेढीतील शिल्लक संपली आहे, अशातला हा प्रकार. मासिक पाळीतील अतिरिक्त रक्तस्राव हे कारण निघाले. त्यावर उपचार झाले. सर्दीची गोळी बदलली. लोहाची गोळी दिवसाआड, अनशापोटी, लिंबाच्या रसाबरोबर. आणि चहा तिच्यापासून दोन तास दूर, कारण चहाने लोह अंगी लागत नाही. सहा आठवड्यांनी येरझारा कमी झाल्या. तीन महिन्यांनी फेरिटिन 58 झाले आणि त्या बहुतेक रात्री झोपू लागल्या.

पुरुषांत किंवा पाळी थांबलेल्या स्त्रियांत लोह कमी निघाल्यास केवळ गोळ्यांवर थांबू नये. पोटात कोठे रक्तस्राव होतो काय, हे शोधलेच पाहिजे. तसेच ताप वा सूज असताना फेरिटिन फसवे वाढते. तेव्हा ते बरे झाल्यावर मोजावे. सर्दी-खाजेवरील काही जुन्या गोळ्या, ओकारीवरील काही औषधे व नैराश्यावरील अनेक औषधे हा विकार बळावतात. परंतु नित्याचे औषध आपल्या मनाने बंद करू नये. डॉक्टरांना यादी दाखवावी.

राहता राहिला मज्जातंतूंचा प्रश्न. तळपायांची आग, बधिरपणा, टोचल्यासारखे वाटणे, आणि चालूनही उतार नाही, अशी लक्षणे असली, विशेषतः मधुमेह्यांत, तर ते वेगळेच प्रकरण होय. आणि एकच पाय सुजून, गरम होऊन सतत दुखू लागला, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे.

तेव्हा डॉक्टरांकडे जाताना ‘पाय दुखतात’ एवढेच न सांगता, गोळा येतो की हुरहूर होते, केव्हा होते व कशाने थांबते, हे सांगावे, एवढीच आमची विनंती.