एकच चित्र, दोन फायली

गणपती जवळ आले की घाटकोपर-मुलुंडच्या मंडळांत पत्रकांची गडबड सुरू होते. मूर्तीच्या फोटोमागे रोषणाई जोडून चित्र तयार होतं आणि तीच फाईल छापखान्यातही जाते, व्हॉट्सॲपवरही. गडबड होते ती इथेच.

ए-फाइव्ह आकाराचं पत्रक घेऊ. हातात धरून वाचायच्या छपाईला इंचाला 300 पिक्सेल लागतात, म्हणजे चित्र साधारण 1748 बाय 2480 पिक्सेलचं हवं. कडेला कापणीसाठी चारही बाजूंनी 3 मिलिमीटर जास्तीचं चित्र ठेवा. व्हॉट्सॲपवरून परत आलेला फोटो छापायला देऊ नका. तो आकुंचन पावलेला असतो आणि नंतर पिक्सेल वाढवले तरी गेलेला तपशील परत येत नाही.

आता रंग. पडदा लाल, हिरव्या, निळ्या प्रकाशातून रंग दाखवतो. छपाई चार शाईंतून. म्हणून रोषणाईचा झगझगीत निळा कागदावर मंद, जांभळट होतो. छापखान्याकडून त्यांचं सीएमवायके प्रोफाइल मागा, फोटोशॉपमध्ये ‘प्रूफ कलर्स’ लावून आधीच पाहा, आणि टिफ किंवा पीडीएफ द्या.

मोबाइलसाठी मात्र थरांच्या मूळ फाईलमधून वेगळी प्रत काढा: एसआरजीबी प्रोफाइल, रुंदी 1080 पिक्सेल, जेपेग. सीएमवायके जेपेग पाठवलं, तर काही फोनवर रंग भलतेच दिसतात.