सत्तर डब्यांनंतरची कमाई

आम्ही बचत गटातल्या सहा जणी मिळून डबा चालवतो. आमच्या गावापासून चार किलोमीटरवर एमआयडीसी आहे. तिथे खोल्या घेऊन राहणारी मुलं महिन्याच्या बोलीनं आमच्याकडून दुपारचा डबा घेतात. तीन चपात्या, एक सुकी भाजी, आमटी आणि भात. डब्याचे ७० रुपये, सव्वीस दिवसांचे १,८२० रुपये महिन्याच्या सुरुवातीला आगाऊ. कुणी गावी गेला, खाडा पडला, तर तेवढे डबे पुढच्या महिन्यात जमा.

आज सांगायचं आहे ते आमच्या एका चुकीबद्दल. डबा तोट्यात जात नव्हता, पण गिऱ्हाईक आणण्याच्या नादात आम्ही पैसे घालवत होतो, आणि ते आम्हाला दिसतच नव्हतं.

जूनमध्ये आम्ही ठरवलं, गिऱ्हाईक वाढवायचं. पत्रकं छापली, १,२०० रुपये गेले. चाळीस जणांना एक दिवस फुकट डबा चाखायला दिला. चौघी दोन दिवस खोल्याखोल्यांतून फिरल्या. जो येईल त्याला पहिल्या महिन्यात २०० रुपये सूट ठेवली. बारा नवे जण आले. सूट वजा जाऊन एका दिवसात १९,४४० रुपये हातात पडले. आम्ही खूश!

पण ते पैसे आपले नव्हते. ते अजून न शिजलेल्या डब्यांचे होते. दिवाळीनंतर वही उघडून बसलो तेव्हा हे कळलं.

आधी एका डब्याचा हिशेब केला. शिधा ३६ रुपये, गॅस ५, पोचवणी ८, आणि आमची मजुरी ११. झाले ६०. म्हणजे ७० रुपयांच्या डब्यामागे १० रुपये उरतात. इथं एक सांगतो, मजुरी धरायला विसरू नका. ती सोडली की डब्यामागे २१ रुपये उरल्यासारखे दिसतात आणि पुढचा सगळा हिशेब फसतो.

मग जूनचा खर्च मांडला. पत्रकं १,२००. चाळीस फुकट डबे, साठ रुपयांनी २,४००. बारा जणांची सूट २,४००. चौघींची दोन दिवसांची मजुरी, ३०० रुपये रोजानं, पुन्हा २,४००. सगळे मिळून ८,४००. बारा गिऱ्हाइकांत वाटले तर एक गिऱ्हाईक दारात आणायला ७०० रुपये पडले. फुकट चाखून न आलेल्या अठ्ठावीस जणांचा खर्चही या बारा जणांच्याच डोक्यावर बसतो, हे लक्षात घ्या.

आता बघा. एका डब्यामागे उरतात १० रुपये आणि गिऱ्हाईक आणायला गेले ७००. म्हणजे त्यानं सत्तर डबे खाल्ले की आपला खर्च फिटतो. कमाई सुरू होते ती एक्काहत्तराव्या डब्यापासून. खाडे धरले तर सत्तर डब्यांना तीन महिने लागतात.

आमच्या बारा जणांनी किती खाल्ले? काही जण एका महिन्यात गेले, काही दोन-तीन महिन्यांत. दिवाळीपर्यंत सगळे सोडून गेले होते. वहीतले सगळे डबे मोजले, ६२० भरले. दहा रुपयांनी ६,२०० रुपये. खर्च ८,४००. म्हणजे बारा गिऱ्हाइकं आणून, पाच महिने राबून, २,२०० रुपयांचा खड्डा. या बारा जणांना आणायला आम्ही गेलोच नसतो तर गटाकडे २,२०० रुपये जास्त असते.

शहरातले धंदेवाले याला मोठी इंग्रजी नावं देतात. आम्ही साधं म्हणतो: गिऱ्हाईक आणायचा खर्च, आणि गिऱ्हाईक टिकून देतं ती कमाई. दोन्ही आकडे शेजारी शेजारी लिहायचे. कमाई खर्चाइतकीच असून भागत नाही, कारण स्वयंपाकघराचं भाडं, नवी भांडी, गटाचा कर्जाचा हप्ता हे त्याच दहा रुपयांतून निघायचं असतं. महिन्याच्या वर्गणीवर चालणाऱ्या धंद्यांत कमाई खर्चाच्या तिप्पट असावी असा ठोकताळा धरतात. आम्हीही तोच धरतो.

त्याच वहीत दुसरी गोष्ट सापडली. त्याच पाच महिन्यांत सहा जण पत्रकानं नव्हे, तर जुन्या गिऱ्हाइकाच्या ओळखीनं आले होते. आणणाऱ्याला आम्ही तीन डबे फुकट दिले, १८० रुपये. नव्याला एक डबा चाखायला, ६० रुपये. एका माणसामागे २४० रुपये, सहा जणांचे १,४४०. या सहा जणांनी तोपर्यंत ५४० डबे खाल्ले होते, म्हणजे ५,४०० रुपये. खर्चाच्या साडेतीनपटीहून जास्त. शिवाय त्यातले चौघे अजून जेवत आहेत, त्यांचे पुढचे डबे आम्ही धरलेले नाहीत. जो अजून गेला नाही त्याची पुढची कमाई अंदाजानं लिहू नये. खाल्लेले डबे तेवढेच मोजावेत.

हे का टिकतात? खोलीतला मित्र शेजारी बसून तोच डबा खातो. आणि आमची चव, आमची वेळ त्याला आधीच माहीत असते. सूट बघून आलेला मात्र सूट संपली की दुसरीकडची सूट बघतो. पण ओळखीच्या वाटेलाही मर्यादा आहे. एका खोलीत मुलं तीन-चारच. या वाटेनं गिऱ्हाईक सावकाश वाढतं.

म्हणून मग आहे त्याला टिकवायच्या मागे लागलो. एक गिऱ्हाईक आणखी एक महिना टिकलं तर खाडे जाऊन २४ डबे, म्हणजे २४० रुपये, आणि आणायचा खर्च शून्य. सोडून गेलेल्यांना फोन करून कारण विचारलं. काहींची पाळी बदलली होती, काहींचं ठेक्याचं काम संपलं होतं. त्याला आपण काही करू शकत नाही. पण एकजण म्हणाला, "मावशी, सोमवारी फ्लॉवर, मंगळवारी परत फ्लॉवर!" दुसऱ्याचा डबा जेवणाची सुट्टी संपताना पोचायचा. ही दोन्ही कारणं आमच्या हातातली होती. आता आठवड्याच्या भाज्या रविवारीच ठरतात, आणि लांबच्या गेटचे डबे आधी निघतात.

वहीनं आणखी एक खूण दाखवली. माणूस सोडायच्या आधी त्याचे खाडे वाढतात. गावाला न जाता आठवड्यात दोन-तीन खाडे पडले की आता आमच्यातली एक जण त्याला त्याच दिवशी फोन करते. तक्रार तेव्हाच कळते, पुढच्या महिन्याचे पैसे न आल्यावर नाही.

तुम्हीही डबा चालवत असाल तर गिऱ्हाइकाच्या नावापुढे तीन रकाने ओढा. कोणत्या वाटेनं आला, त्याला आणायला किती गेले, आणि आजवर किती डबे खाल्ले. नवीन सूट द्यायच्या आधी एकच भागाकार करा: आणायचा खर्च, भागिले एका डब्यामागे उरणारे पैसे. जो आकडा येईल तितके डबे तो माणूस खाईल का, हे जुन्या वहीत बघा. आम्ही या जूनमध्ये पत्रकं छापली नाहीत. ते १,२०० रुपये डबा गरम ठेवणाऱ्या पिशव्यांना घातले.