दोन साहेबांचा कारखाना

आज कंपनीच्या तीन रचना बघू.

फंक्शनल म्हणजे कामानुसार विभाग: डिझाइन, उत्पादन, विक्री. यात कौशल्य खोल होतं, पण दोन विभागांचं जुळलं नाही की वाद थेट वर जातो. डिव्हिजनलमध्ये प्रत्येक उत्पादनाचा संसार वेगळा. निर्णय पटकन होतात, पण तेच काम दोनदा होतं. १९९७ मध्ये ॲपलमध्ये परतलेल्या स्टीव्ह जॉब्जनी डिव्हिजनांची वेगळी घरं मोडली आणि सगळ्या कंपनीचा नफातोटा एकाच हिशेबात आणला.

मॅट्रिक्सला दोन्ही फायदे हवे असतात. १९८८ मध्ये स्वीडनची असिआ आणि स्वित्झर्लंडची ब्राउन बोव्हेरी मिळून एबीबी झाली. तिथे कारखान्याच्या मॅनेजरला साहेब दोन: एक देशाचा, एक उत्पादनाचा. आता समजा, ट्रान्सफॉर्मरच्या दोन ऑर्डरी आल्या आणि क्षमता एकीचीच आहे. देशाचा साहेब म्हणणार, इथलं गिऱ्हाईक आधी. उत्पादनाचा म्हणणार, निर्यात आधी. आपापल्या जागी दोघंही बरोबर! मॅनेजर मात्र मिटिंगची वाट बघत बसतो.

मी सॉफ्टवेअरवाला, म्हणून सांगतो: प्रोजेक्ट मॅनेजर आणि टेक लीड असले की आमच्याकडेही हेच होतं. खूण सोपी आहे. साधा प्रश्नसुद्धा दोघांच्या ‘हो’साठी अडला, तर मॅट्रिक्स बिघडलंय. कुठल्या प्रश्नावर शेवटचा शब्द कोणाचा, हे आधीच लिहून ठेवावं लागतं. एबीबीनं तर १९९८ मध्ये मॅट्रिक्सच मोडलं.