औषधाच्या बिलाची पडताळणी
सांबऱ्यातील एखाद्या औषधाच्या दुकानातून पंधरा गोळ्यांच्या पाकिटातील दहाच गोळ्या घेतल्या आणि पाकिटावर कमाल किरकोळ किंमत 210 रुपये छापलेली असली, तर दहा गोळ्यांचे 140 रुपये होतात. दहा टक्के सुटीचे 14 वजा जाता देय रक्कम 126 राहते, आणि छापील किमतीत सर्व करांचा अंतर्भाव असल्याने हिशेब येथेच संपतो. तथापि बिलाच्या तळाशी केंद्राचा कर 3 आणि कर्नाटक राज्याचा कर 3 अशा नोंदी पाहून, 126 चे पाच टक्के 6 रुपये 30 पैसे होतात, मग हे सहाच कसे, असा प्रश्न चिकित्सक ग्राहक उपस्थित करतो. वास्तविक 22 सप्टेंबर 2025 पासून बहुतेक औषधांवर लागू झालेला हा पाच टक्के कर करपूर्व मूल्यावर असतो. म्हणून 126 ला 105 ने भागून 100 ने गुणावे, मूळ मूल्य 120 निघते, उरलेले सहा हाच कर. एकूण रक्कम 132 रुपये 30 पैसे छापली असेल, तर कर दुबार आकारला गेला हे निःसंशय. काही पैशांची तफावत मात्र बहुधा ‘राउंड ऑफ’च्या सदरात सापडते.